गोळी, घास आणि घड्याळ: औषधांबरोबर काय खावं-प्यावं याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे. मेडिकलच्या काउंटरवर आणि फोनवर लोक तेच तेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, त्यातले निवडक इथे एकत्र केले आहेत. जवळजवळ प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी एक उपप्रश्न येतो: "मग मध्ये किती वेळ सोडू?" त्याचं उत्तर दर वेळी वेगळं असतं, कारण अन्न आणि औषध यांचं भांडण तीन ठिकाणी होऊ शकतं. काही वेळा ते पोटातच एकमेकांना चिकटतात. तिथे काही तासांचं अंतर पुरतं. काही वेळा अन्नामुळे आतड्याच्या भिंतीतली औषध मोडणारी यंत्रणाच बंद पडते. तिथे अंतर ठेवून काही उपयोग नसतो. आणि काही वेळा अन्न वेगळं आणि औषध वेगळं पचतं, पण रक्तात किंवा मेंदूत दोघं एकाच गोष्टीला हात घालतात. तिथे किती खाल्लं आणि रोज सारखं खाल्लं का, हे महत्त्वाचं. खालचं प्रत्येक उत्तर वाचताना हे भांडण कुठलं, तेवढं मनात ठेवा.

आधीच सांगून ठेवतो: यातलं काही वाचून चालू गोळी बंद करू नका किंवा डोस बदलू नका. वेळ बदलायची असेल तरी ज्यांनी गोळी दिली त्यांना विचारा.

१. गोळी कशाबरोबर घ्यायची? दूध, ताक, चहा, सरबत, काय चालतं?

साधं पाणी. एक घोट नाही, भरलेला पेला. बऱ्याच गोळ्यांना पेलाभर पाणी लागतं ते गोळी अन्ननलिकेत अडकू नये म्हणून. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल दोन घोटांवर गिळून लगेच आडवं झालं, तर ती छातीच्या मधोमध अडकते आणि तिथे जखम करते. दुसऱ्या दिवशी पाण्याचा घोट गिळतानाही कळ येते आणि माणसाला वाटतं हृदयाचं दुखणं आहे. ही कॅप्सूल बसून घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास झोपायचं नाही.

"उपाशीपोटी" म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. सकाळी चहा-बिस्किटं झाली की पोट उपाशी राहत नाही. हे सांगावं लागतं, कारण आपल्याकडे चहाला कोणी खाणं म्हणत नाही.

२. थायरॉइडची गोळी मी रोज न चुकता घेते, तरी टीएसएच वाढलेलंच येतं. गोळी खराब आहे का?

टीएसएच वाढलेलं म्हणजे थायरॉइडचं हार्मोन अंगाला कमी पडतंय. पण गोळीपेक्षा वेळेकडे आधी बघा. लेव्होथायरॉक्सिन हे औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजलं जातं, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात. इतक्या बारीक मापातलं औषध थोडं कमी शोषलं गेलं तरी रिपोर्ट हलतो. चहा, कॉफी, दूध, सोयाबीनचं पीठ, कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, पित्ताचं पातळ औषध हे सगळं त्याचं शोषण कमी करतं.

एक नेहमी दिसणारं उदाहरण सांगतो. पन्नाशीच्या बाईंना ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. टीएसएच ९ आलं म्हणून डोस १०० केला. तीन महिन्यांनी पुन्हा ८. विचारपूस केली की चित्र असं: पहाटे उठल्यावर गोळी, हातासरशी चहा, आणि "एकदाच सगळ्या घेऊन टाकते" म्हणून त्याच वेळी हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी. म्हणजे थायरॉइडच्या गोळीला पोटात शिरल्या शिरल्या दोन अडथळे.

उपाय सोपा आहे. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि चहा अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम आणि लोह मात्र किमान चार तासांनी, म्हणून ते सरळ दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणावर ढकलायचं. ज्यांना सकाळी चहाशिवाय डोळेच उघडत नाहीत, त्यांना डॉक्टर रात्री झोपताना, जेवून तीन तास झाल्यावर गोळी घ्यायला सांगतात. तेही चालतं.

पण यात एक खोच आहे, ती कोणी सांगत नाही. डोस वाढवलेला असताना वेळ सुधारली, तर आता पूर्ण १०० मायक्रोग्रॅम अंगी लागतात आणि ते जास्त होऊ शकतात. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, विनाकारण घाम ही त्याची लक्षणं. म्हणून वेळ बदलल्याचं डॉक्टरांना सांगायचं आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करायचं. त्याआधी केलेला रिपोर्ट फसवा असतो, कारण टीएसएचला नव्या पातळीवर स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच.

३. अँटिबायोटिक गरम पडतं म्हणतात, म्हणून आई ते दुधाबरोबर देते. बरोबर आहे का?

कुठलं अँटिबायोटिक, यावर अवलंबून आहे. अमॉक्सिसिलिन किंवा अझिथ्रोमायसिन असेल तर दुधाने बिघडत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन यांचं मात्र बिघडतं. दुधातलं कॅल्शियम या औषधांना पोटात पकडून ठेवतं आणि तयार झालेला गठ्ठा आतड्यातून आत जाऊ शकत नाही. तो तसाच शौचावाटे निघून जातो. नॉरफ्लॉक्सासिनचं शोषण दूध-दह्याबरोबर जवळपास निम्म्यावर येतं. डॉक्सिसायक्लिन त्यामानाने सोशिक, त्याचं साधारण पाचव्या भागाइतकंच नुकसान होतं.

यातला धोका दिसत नाही. पोट दुखत नाही, पुरळ येत नाही. फक्त लघवीची जळजळ तिसऱ्या दिवशीही तशीच राहते आणि आपण म्हणतो "औषध लागू पडलं नाही". अर्ध्या मात्रेत जंतू मरत नाहीत, उलट सरावतात.

दूध म्हणजे फक्त दूध नाही. दही, ताक, लस्सी, पनीर, खीर आणि कॅल्शियम घातलेली पेयंसुद्धा त्यात आली. सिप्रोफ्लॉक्सासिन या पदार्थांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं. हे पोटातलं भांडण आहे, म्हणून घड्याळाने सुटतं. भाजीभाकरीच्या पूर्ण जेवणात चमचाभर दही असेल तर मी घाबरवत नाही, पण पेलाभर ताक पिऊन त्यावर गोळी नको. आणि अँटिबायोटिकने पोट बिघडू नये म्हणून दही खायचंच असेल, तर जरूर खा, फक्त दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात.

४. रक्तवाढीची गोळी घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही. चहामुळे असं होतं का?

होऊ शकतं. चहातली तुरट द्रव्यं लोहाला बांधून टाकतात, आणि आपल्याकडे तर जेवल्यावर लगेच चहाची सवय असते. गोळी आणि चहा यांत दोन तास सोडा. दूध आणि कॅल्शियमचंही तसंच. उलट लिंबू, आवळा, पेरू यांच्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, म्हणून गोळीबरोबर लिंबूपाणी चाललं. शौचाचा रंग काळा होतो तो गोळीचाच, त्याला घाबरून गोळी सोडू नका. थायरॉइडची गोळीही चालू असेल तर प्रश्न २ मधलं चार तासांचं अंतर पाळा.

५. पाकिटातल्या माहितीपत्रकात "ग्रेपफ्रूट टाळा" लिहिलंय. ते आम्ही कधी खात नाही, मग सोडून देऊ का?

सोडून देण्याआधी एक प्रश्न: पपनस खाता का? गणपतीच्या सुमारास बाजारात येणारं, डोक्याएवढं, जाड सालीचं ते फळ ग्रेपफ्रूटच्या पूर्वजांपैकी आहे. पपनस आणि गोड संत्रं यांच्या संकरातून ग्रेपफ्रूट तयार झालं. औषधाला नडणारी द्रव्यं दोघांतही असतात. शिवाय आमच्याकडे औषध घेणारी कितीतरी मंडळी वर्षातले सहा महिने मुलांकडे अमेरिकेत किंवा दुबईला असतात, तिथे न्याहारीला हा रस टेबलावर असतो.

ही गोष्ट कळली ती अपघाताने. कॅनडातल्या लंडन या गावी डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. पेल्यात दारू आहे की नाही हे पिणाऱ्याला चवीवरून कळू नये, म्हणून त्यांनी ती ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळली. रक्तातली औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेली, आणि ज्यांच्या पेल्यात दारू नव्हती त्यांचीही तशीच. म्हणजे करामत रसाची होती. हे १९८९ मध्ये छापून आलं आणि १९९१ च्या पुढच्या प्रयोगाने पक्कं झालं.

कारण असं. आतड्याच्या भिंतीत औषधं मोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, त्याचं शास्त्रीय नाव CYP3A4. आपण त्याला जकात नाका म्हणू. कित्येक औषधांचा मोठा हिस्सा हा नाका आत शिरण्याआधीच कापून घेतो. फेलोडिपिनचा जेमतेम १५ टक्के भाग रक्तात पोचतो आणि गोळीची मात्रा हे गृहीत धरूनच ठरवलेली असते. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमरिन नावाची द्रव्यं हा नाकाच बंद पाडतात. मग तीच गोळी दोन-तीन गोळ्यांइतकी भरते, काही जणांत त्याहूनही जास्त. गोळीवर लिहिलेला आकडा तोच, पण अंगात पोचलेली मात्रा वेगळी.

प्रत्येक औषधाला याचा फटका बसत नाही. सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीला मोठा बसतो. मांड्या आणि खांदे दुखणं, जिना चढताना पाय जड होणं, लघवी गडद चहासारखी होणं ही स्नायू झिजत असल्याची खूण, आणि तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. अॅटोर्व्हास्टॅटिनला तो कमी बसतो. रोज लिटरभर रस पिणाऱ्यांनी काळजी करावी, क्वचित फोड खाणाऱ्यांनी नाही. रोसुव्हास्टॅटिनला जवळजवळ नाहीच. आपल्याकडे बीपीसाठी भरपूर खपणाऱ्या अॅम्लोडिपिनलाही फारसा नाही. पण किडनी बदललेल्या रुग्णांना टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन चालू असतं, त्यांनी ग्रेपफ्रूट आणि पपनस दोन्ही पूर्ण बंद ठेवायचं. तिथे औषधाची पातळी वाढली तर त्याच नव्या किडनीला इजा होते.

६. मी गोळी रात्री घेतो आणि रस सकाळी पितो. मग तर बारा तासांचं अंतर पडतं ना?

पडतं, पण उपयोग नाही. दुधाच्या बाबतीत कॅल्शियम पुढे सरकलं की वाट मोकळी होते. इथे विकर कायमचं निकामी झालेलं असतं, त्याला पुन्हा चालू करता येत नाही. शरीराला ते नव्याने बनवावं लागतं आणि त्याला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून एक पेला रस, म्हणजे साधारण २०० मिली, दुसऱ्या दिवशीच्या गोळीवरही परिणाम करतो. रोज एक पेला प्यायला तर नाका कधी उघडतच नाही. ज्या औषधांना हा फटका बसतो त्यांच्यासाठी पर्याय दोनच: फळ सोडा किंवा डॉक्टरांकडून औषध बदलून घ्या. बहुतेक वेळा त्याच गटातलं न भांडणारं औषध मिळतं.

७. मग संत्रं, मोसंबी, लिंबू हेही बंद?

नाही. नागपुरी संत्रं, मोसंबी आणि जेवणातलं लिंबू यांच्यावर प्रश्न ५ मधला आरोप नाही. मार्मालेडसाठी वापरतात ते कडू संत्रं मात्र ग्रेपफ्रूटच्या जातकुळीतलं.

एक उलटा अपवाद आहे. शिंकांवरची फेक्सोफेनाडिनची गोळी संत्र्याच्या, सफरचंदाच्या किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतली तर ती वाढत नाही, घटते. ती आतड्यातून आत जायला एका वाहकावर बसून जाते आणि रस तो वाहकच अडवतो. गोळी घेऊनही नाक वाहत राहिलं, तर ती कशाबरोबर घेतली ते आठवा. पाण्याबरोबर घ्या, रस चार तासांनी प्या.

८. जुलाबावरचा कोर्स चालू आहे आणि शनिवारी लग्न आहे. एखादा पेग चालेल का?

पाकिटावर मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल लिहिलं असेल तर नको. शिकवलं जातं ते असं: ही औषधं दारूचं पचन अर्ध्यावर अडवतात, मधलं विषारी द्रव्य रक्तात साचतं आणि चेहरा लाल होणं, धडधड, जोराच्या उलट्या सुरू होतात. खरं सांगायचं तर मेट्रोनिडाझोलबाबत हा पुरावा जितका पक्का समजला जायचा तितका राहिलेला नाही. २००२ मध्ये फिनलंडमध्ये निरोगी पुरुषांवर केलेल्या छोट्या प्रयोगात तसं काही दिसलं नाही. पण ज्यांना त्रास झाला त्यांच्या नोंदीही आहेत, आणि आपण कोणत्या बाजूला पडणार हे लग्नाच्या मांडवात तपासण्यात अर्थ नाही. कोर्स संपल्यावरही तीन दिवस थांबायचं.

"अँटिबायोटिक चालू आहे, म्हणून दारू नको" हे सरसकट वाक्य मात्र खरं नाही. अमॉक्सिसिलिनबरोबर असं रासायनिक भांडण नाही. आजारी शरीराला दारू द्यावी का, हा वेगळा प्रश्न झाला.

दारू सोडवण्यासाठी देतात त्या डायसल्फिरामबरोबर ही प्रतिक्रिया शंभर टक्के खरी आणि जिवावर बेतणारी असते. गोळी थांबवल्यावरही ती दोन आठवड्यांपर्यंत येऊ शकते. म्हणूनच ही गोळी माणसाच्या नकळत भाजीत मिसळून देणं हा गुन्ह्याइतका धोकादायक प्रकार आहे. "ह्यांना न कळता द्यायचंय" म्हणून काउंटरवर मागणी येते, आणि बिचाऱ्या मागणाऱ्या माउलीचा हेतू चांगला असतो. तरीही ती गोळी मी तशी देत नाही.

९. रात्री जरा जास्त झाली, सकाळी डोकं धरलंय. पॅरासिटामॉल घेऊ का?

कधीतरी पिणाऱ्या, खाऊन-पिऊन असलेल्या माणसाने एक ५०० किंवा ६५० ची गोळी घेतली तर सहसा काही होत नाही. रोज पिणाऱ्याची गोष्ट निराळी. यकृत पॅरासिटामॉलचा थोडा भाग विषारी द्रव्यात बदलतं आणि लगेच ते निष्प्रभही करतं. रोजच्या दारूने विषारी द्रव्य बनवणारी यंत्रणा जोरात चालते आणि ते निष्प्रभ करणारा साठा आटलेला असतो, त्यात पोटात अन्न नसेल तर आणखीच. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, रोज पिणाऱ्यासाठी डॉक्टर ती २ ग्रॅमपर्यंत खाली आणतात. आणि मोजताना सर्दीच्या गोळीतलं, अंगदुखीच्या गोळीतलं पॅरासिटामॉलही धरा. ते बहुतेकांत असतं.

झोपेच्या गोळ्या, घबराटीवरच्या गोळ्या आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांच्याबरोबर मात्र दारू कधीच नको. दोघं मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला एकाच वेळी झोपवतात. इथे अंतराचा हिशोबच लागत नाही, कारण यातल्या काही गोळ्यांचा असर दुसऱ्या दिवशीपर्यंत उरतो.

साखरेच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर उपाशीपोटी दारू म्हणजे साखर एकदम उतरणं. गोळी साखर खाली ओढते आणि दारूत गुंतलेलं यकृत नवी साखर सोडत नाही. घाम, बरळणं, झोकांड्या. सोबतचे म्हणतात "चढलीय, झोपू दे". साखर तपासा. माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी पाजा, नसेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या.

१०. मी दारूला शिवत नाही. माझा या प्रश्नांशी काय संबंध?

घरात दशमूलारिष्ट किंवा द्राक्षासव आहे का? आसव आणि अरिष्ट आंबवून बनवतात आणि त्यांत आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, स्वयंजनित मद्यार्काचं प्रमाण लिहिलेलं असतं, बारा टक्क्यांच्या आत. तीन-चार चमच्यांत अल्कोहोल थोडाच जातो आणि बहुतेकांना त्याने काही होत नाही. पण डायसल्फिराम चालू असेल तर तेवढाही नको. बाळंतिणीला दशमूलारिष्ट चालू असताना कोणी मेट्रोनिडाझोल लिहून दिलं, तर दोन्हींची नावं डॉक्टरांना सांगा. "आयुर्वेदिक आहे, ते काय सांगायचं" असं म्हणून लोक नेमकं तेच सांगत नाहीत.

११. वडिलांच्या हृदयाची झडप बदललीय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यांना पालेभाज्या पूर्ण बंद करू का?

बंद करू नका. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धवट आहे. वॉरफरिन आणि आपल्याकडे जास्त वापरलं जाणारं अॅसिनोकुमरॉल ही औषधं के जीवनसत्त्वाचं काम रोखून रक्त गोठणं लांबवतात. पालक, मेथी, शेपू, अळू, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर. जास्त खाल्ल्या तर गोळीचा जोर कमी होतो आणि झडपेवर गुठळी बसण्याची भीती. एकदम सोडल्या तर जोर वाढतो आणि रक्तस्रावाची भीती. डॉक्टर तुमच्या वडिलांच्या रोजच्या ताटावरच मात्रा बसवतात. ताट बदललं की मात्रा चुकते.

हे श्रावणात हमखास दिसतं. रक्त किती पातळ झालंय ते आयएनआर या तपासणीच्या आकड्यावरून कळतं, आकडा चढला की रक्त जास्त पातळ. समजा साठीच्या एका काकांचा आयएनआर कित्येक महिने २.६ च्या आसपास आहे, ठरवून दिलेली मर्यादा २ ते ३. आठवड्यातून चार दिवस मेथी किंवा पालक ठरलेला. श्रावणात पालेभाजी वर्ज्य म्हणून ती थांबली, उपवास वाढले, जेवण निम्म्यावर आलं. गोळी तीच, तितकीच. तिसऱ्या आठवड्यात दात घासताना हिरड्यांतून रक्त, दंडावर धक्का न लागता निळा डाग. तपासलं तर आयएनआर ४.८. कोणी औषध चुकवलं नव्हतं, फक्त पंचांग बदललं होतं.

आयएनआर त्याच दिवशी हलत नाही, काही दिवसांनी हलतो, म्हणून लोकांना कारण-परिणामाचा धागा लागत नाही. श्रावण, चातुर्मास, नवरात्राचे उपवास पाळणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि सुरू झाल्यावर आठवडाभरात एक तपासणी करून घ्या. व्रत संपून पालेभाजी पुन्हा सुरू झाली की आणखी एक, कारण तेव्हा आकडा उलट दिशेने जातो. काळं शौच, लघवीत रक्त, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार किंवा अचानक जबर डोकेदुखी असेल तर तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालयात.

१२. बीपीच्या गोळ्या चालू आहेत. शहाळ्याचं पाणी तर चांगलंच ना?

मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर अधूनमधून एक शहाळं चालतं. पण टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात, आणि एका शहाळ्यात ते पाचशे मिलिग्रॅमच्या पुढे असतं. मूत्रपिंडं कमजोर, वर अशी गोळी आणि उन्हाळा म्हणून रोज दोन शहाळी, हे त्रिकूट हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, तेही आधी काही न जाणवता. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठही यातच धरा, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

१३. नायट्यासाठी इट्राकोनॅझोल दीड महिना घेतोय, फरक नाही. पथ्यात काय चुकतंय?

आतापर्यंतच्या बऱ्याच उत्तरांच्या उलट, ही कॅप्सूल उपाशीपोटी घेणं चूक. तिला विरघळायला भरलेलं पोट आणि आम्ल दोन्ही लागतं, म्हणून पूर्ण जेवणानंतर लगेच घ्यायची. आणि बहुतेकांचं चुकतं ते इथे: "औषधं गरम आहेत" म्हणून सोबत पित्ताची गोळी चालू असते. पॅन्टोप्रॅझोल पोटातलं आम्ल दिवसभर कमी ठेवते, त्यामुळे सकाळी ती आणि रात्री कॅप्सूल घेऊनही सुटका नाही. डॉक्टरांना विचारून पित्ताची गोळी थांबवता येते का ते पाहा. थांबवता येत नसेल तर कॅप्सूल साध्या, म्हणजे डाएट नसलेल्या, कोलाबरोबर घ्यायला सांगतात, कारण कोला आम्लधर्मी आहे. कोला औषधाला मदत करतं असं हे मला माहीत असलेलं दुर्मीळ उदाहरण. अर्थात नायट्यात बुरशीच औषधाला दाद देत नाही, असंही आता होतं, म्हणून पथ्य सुधारून फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे परत जा.

आणि हो, ही कॅप्सूल स्वतःच प्रश्न ५ मधला जकात नाका बंद करते. म्हणजे पपनस न खाताही सिम्व्हास्टॅटिनची पातळी चढते. ही दोन औषधं एकत्र घ्यायची नाहीत.

१४. चुकून दुधाबरोबर गोळी घेतली. आता परत एक घेऊ का?

नको. किती शोषली गेली आणि किती वाया गेली हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे दुसरी घेतली तर मात्रा दुप्पट होण्याचा धोका. पुढची गोळी तिच्या ठरलेल्या वेळी, पाण्याबरोबर. एखाद्या चुकीने थायरॉइडचा किंवा रक्तवाढीचा कोर्स वाया जात नाही, आणि अँटिबायोटिकचाही सहसा नाही.

झोपेची गोळी आणि दारू एकत्र गेली असेल तर मात्र वाट पाहू नका. आणखी काही घेऊ देऊ नका, माणसाला एका कुशीवर ठेवा, एकटं सोडू नका. हाक मारून उठत नसेल, घोरणं घरघरतं असेल किंवा श्वास संथ झाला असेल तर १०८ ला फोन करा आणि गोळीची रिकामी स्ट्रिप सोबत न्या.